ग्लिमेपिराइड चालू असताना बर्बेरीन: सुरू करण्याआधी आणि केल्यानंतर

दारुहळदीच्या मुळांना आणि खोडाला जो गर्द पिवळा रंग असतो, तो मुख्यतः बर्बेरीनमुळे. हेच द्रव्य वेगळे काढून ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये भरलेले मिळते, आणि समाजमाध्यमांवर ‘नैसर्गिक ओझेम्पिक’ असे त्याचे बारसेही होऊन गेले आहे. हे नाव फसवे आहे, कारण ओझेम्पिक या मधुमेहाच्या, वजनही उतरवणाऱ्या इंजेक्शनच्या तुलनेत बर्बेरीनने उतरणारे वजन फारच किरकोळ असते. साखरेवरचा परिणाम मात्र खरा आहे. २००८ साली चीनमधून प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, नुकतेच निदान झालेल्या टाइप २ मधुमेहींना ५०० मिलिग्रॅम बर्बेरीन दिवसातून तीनदा दिले, तेव्हा तीन महिन्यांत एचबीए१सी ९.५ वरून ७.५ वर आले, म्हणजे जवळपास मेटफॉर्मिनइतकेच काम झाले. आधीपासून औषधे चालू असूनही साखर आटोक्यात नसलेल्या दुसऱ्या गटात ते ८.१ वरून ७.३ झाले. असे अभ्यास लहान आणि थोड्या महिन्यांचे आहेत. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा बिघाड टळतो, हे त्यांतून सिद्ध होत नाही.

ज्या द्रव्याने साखर खरोखर उतरते, ते दुसऱ्या औषधाबरोबर घेतल्यास साखर गरजेपेक्षा जास्तही उतरू शकते. मेडिकलच्या काउंटरवर मात्र “काका, हे आयुर्वेदिक आहे, याला चिठ्ठी लागत नाही” एवढ्यावर विषय संपतो. चिठ्ठी लागत नाही हे खरे, पण त्याचे कारण ही कॅप्सूल बहुधा औषध म्हणून विकली जात नाही. ती एफएसएसएआयच्या नियमांखाली आहारपूरक म्हणून विकली जाते आणि तिच्या डबीवर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ छापलेली असते.

हा लेख मुख्यतः एका जोडीविषयी आहे: ग्लिमेपिराइड हे मधुमेहाचे औषध आणि बर्बेरीन. ग्लिमेपिराइड व मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी आपल्याकडे सर्रास लिहून दिली जाते, आणि तीच घेणारी मंडळी बर्बेरीनकडे वळताना दिसतात. इतर औषधांचा विचार त्यानंतर येईल.

पहिली पायरी: स्ट्रिप उलटी करून घटक वाचा

गोळीचे ब्रँडचे नाव बाजूला ठेवून त्याखाली बारीक अक्षरांत छापलेले घटक पाहावेत. तिथे ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड किंवा ग्लिबेनक्लेमाइड यांपैकी एखादे नाव असेल, तर आपण सल्फोनिलयुरिया गटातले औषध घेत आहात. ब्रँडच्या नावापुढे ‘एम’ किंवा ‘व्ही’ अशी अक्षरे असतील तर त्यांचा अर्थ बहुधा मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज असा असतो. त्यांतले व्होग्लिबोज लक्षात ठेवावे, कारण साखर उतरल्यावर काय खायचे हे त्याच्यावर अवलंबून आहे.

बर्बेरीनची डबीही याच पद्धतीने वाचावी. ‘बर्बेरीन एचसीएल ५०० मिलिग्रॅम’ आणि ‘दारुहळद अर्क ५०० मिलिग्रॅम’ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, कारण दुसऱ्या डबीत प्रत्यक्ष बर्बेरीन किती आहे हे अर्काची टक्केवारी दिल्याखेरीज कळत नाही. जिथे आकडा स्पष्ट छापलेला असतो तिथेही तो खरा असेलच असे नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या १५ उत्पादनांची प्रयोगशाळेत तपासणी झाली, तेव्हा त्यांतल्या ९ मध्ये बर्बेरीनचे प्रमाण ठरलेल्या मर्यादेत बसले नाही. म्हणून एकदा डोस जुळल्यावर स्वस्त मिळाली म्हणून मध्येच दुसऱ्या कंपनीची डबी आणू नये.

घरात एखादा काढा चालू असेल तर तोही याच हिशेबात धरावा. प्रमेहावरच्या कित्येक पाठांत दारुहळद असते, आणि फलत्रिकादि क्वाथ हे त्याचे परिचित उदाहरण आहे.

धोका नेमका कुठे निर्माण होतो

एकटे बर्बेरीन घेणाऱ्याची साखर सहसा धोकादायक पातळीपर्यंत उतरत नाही. पेशींमधील ऊर्जानिर्मितीला ते किंचित खीळ घालते, त्यामुळे एएमपीके नावाचे एन्झाइम जागे होते आणि यकृतातून रक्तात सोडली जाणारी साखर कमी होते. मेटफॉर्मिनचाही मार्ग बराचसा असाच आहे. ग्लिमेपिराइडची तऱ्हा निराळी आहे. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, आणि त्या वेळी रक्तातली साखर १८० आहे की ८० याचा विचार करत नाही. जेवण लांबले, उपास घडला किंवा पर्वती चढून आलात, तरी इन्सुलिन सुटतच राहते.

ही दोन औषधे एकत्र आली की दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. एकीकडे यकृत साखर कमी सोडते आणि स्वादुपिंड इन्सुलिन जास्त सोडते, म्हणजे परिणामांची बेरीज होते. दुसरी गोष्ट जास्त गुपचूप घडते. ग्लिमेपिराइडची विल्हेवाट यकृतातील सीवायपी २सी९ या एन्झाइममार्फत लागते, आणि बर्बेरीन नेमके त्याच एन्झाइमचे काम मंदावते. निरोगी पुरुषांना ३०० मिलिग्रॅम बर्बेरीन दिवसातून तीनदा, असे दोन आठवडे देऊन केलेल्या एका अभ्यासात २सी९, २डी६ आणि ३ए४ या तिन्ही एन्झाइमांचे काम कमी झालेले आढळले. याचा व्यवहारातला अर्थ असा की तुमची २ मिलिग्रॅमची गोळी तीच राहिली तरी ती शरीरात जास्त वेळ आणि जास्त प्रमाणात रेंगाळू शकते. काही जणांचे २सी९ जन्मतःच मंद असते आणि उतारवयात किंवा मूत्रपिंडे थकलेली असताना ग्लिमेपिराइडचा परिणाम तसाही लांबतो, त्यामुळे अशा व्यक्तींच्या बाबतीत दुप्पट सावधगिरी हवी.

वरचा अभ्यास दोन आठवड्यांचा होता, हे इथे महत्त्वाचे आहे. बर्बेरीनच्या पहिल्या तीन-चार दिवसांत काही झाले नाही म्हणून निर्धास्त होणे चुकीचे, कारण एन्झाइमवरचा परिणाम रोजच्या डोसांनी साचत जाऊ शकतो. निदान तीन आठवडे लक्ष ठेवावे लागते.

दुसरी पायरी: डॉक्टरांकडे काय घेऊन जावे, काय विचारावे

सोबत सर्व औषधांच्या स्ट्रिपा, बर्बेरीनच्या डबीच्या लेबलचा फोटो, अलीकडचे एचबीए१सी, क्रिएटिनिन व यकृताच्या तपासण्यांचे अहवाल आणि घरच्या ग्लुकोमीटरवरची निदान आठवड्याभराची नोंद असावी. नोंदीत रात्रीच्या जेवणाआधीचा आकडा अवश्य हवा. बहुतेक जण फक्त उपाशीपोटी आणि जेवणानंतर तपासतात, पण सकाळच्या ग्लिमेपिराइडने साखर उतरण्याचा एक हमखास काळ म्हणजे दुपार उलटल्यानंतरचे तास, आणि त्या वेळी सहसा कोणी बोट टोचत नाही.

प्रश्न एकच विचारावा: “बर्बेरीन घ्यायचे ठरले तर ग्लिमेपिराइड किती कमी करायचे, की बंदच करायचे?” स्वतःच्या मनाने गोळीचे तुकडे करू नयेत. मेटफॉर्मिनशी जोडलेल्या गोळीतील मेटफॉर्मिन बहुधा सावकाश विरघळणाऱ्या स्वरूपात असते आणि अशी गोळी मोडली तर ते एकदम बाहेर पडते.

याच भेटीत आणखी एक विषय काढावा, असे माझे स्पष्ट मत आहे. साखर थोडी आणखी उतरवणे एवढाच हेतू असेल, तर बर्बेरीन हा बहुतेकांसाठी पहिला पर्याय नव्हे. सिटाग्लिप्टिनचे पेटंट २०२२ मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचे २०२५ मध्ये संपल्यानंतर ही दोन्ही औषधे पूर्वीपेक्षा बरीच स्वस्त झाली आहेत. ती आपणहून साखर धोकादायक उतरवत नाहीत, त्यांच्या डोसाची शुद्धता तपासलेली असते, आणि एम्पाग्लिफ्लोझिनचा हृदयाला व मूत्रपिंडांना होणारा फायदा मोठ्या चाचण्यांतून दिसलेला आहे. हे सर्व ऐकूनही बर्बेरीनच घ्यायचे असेल, तर पुढे वाचावे.

एक उदाहरण, आकड्यांसकट

समजा, कोथरूडमधील ६४ वर्षांचे एक निवृत्त गृहस्थ आहेत. ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम व मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅमची जोडगोळी ते सकाळ-संध्याकाळ घेतात, म्हणजे दिवसाला ग्लिमेपिराइड ४ मिलिग्रॅम. त्याशिवाय रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन ४०, हृदयाच्या ठोक्यांसाठी मेटोप्रोलॉल ५० आणि कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटोर्वास्टॅटिन १० चालू आहे. क्रिएटिनिन १.४, म्हणजे मूत्रपिंडांची गाळणक्षमता पन्नाशीच्या घरात. एचबीए१सी ७.४, उपाशीपोटी साखर १२५ च्या आसपास आणि रात्रीच्या जेवणाआधी ९२.

हा ९२ चा आकडा त्यांच्या अहवालातला सर्वांत महत्त्वाचा. संध्याकाळी त्यांच्याकडे खाली उतरायला फारशी जागाच नाही. यांनी कोणालाही न विचारता ५०० मिलिग्रॅम बर्बेरीन तिन्ही जेवणांआधी सुरू केले आणि दुसऱ्या आठवड्यात एकादशी आली, तर दुपारी थोडी साबुदाण्याची खिचडी आणि संध्याकाळी फक्त ताक, एवढ्यावर ९२ चे ५८ व्हायला वेळ लागणार नाही. त्यातून मेटोप्रोलॉल चालू असल्याने साखर उतरल्याची ओळखीची खूण, म्हणजे छातीत धडधड आणि हात थरथरणे, त्यांना जाणवणारच नाही किंवा अंधूक जाणवेल. घाम मात्र मेटोप्रोलॉलने दबत नाही. म्हणून अशा माणसाला पंखा चालू असताना कपाळावर आणि मानेवर गार घाम आला, बोलण्यात गोंधळ झाला किंवा कारण नसताना चिडचिड झाली, की “उकडतंय” असे न म्हणता घरच्यांनी आधी साखर तपासावी.

आता तीच गोष्ट रीतसर केली तर. त्यांच्या डॉक्टरांनी संध्याकाळचे ग्लिमेपिराइड थांबवले आणि सकाळचे १ मिलिग्रॅमवर आणले, मेटफॉर्मिन वेगळ्या गोळीत पूर्वीइतकेच ठेवले. चार-पाच दिवसांत रात्रीच्या जेवणाआधीची साखर १२० ते १३० वर स्थिरावली. त्यानंतर ५०० मिलिग्रॅम बर्बेरीन दिवसातून एकदाच, दुपारच्या जेवणासोबत सुरू झाले. दोन आठवड्यांत एकही आकडा ९० खाली गेला नाही आणि पोट ठीक राहिले, तेव्हा रात्रीच्या जेवणासोबत दुसरी कॅप्सूल आली. तिसरीची गरज तीन महिन्यांनी एचबीए१सी पाहूनच ठरेल. वरचे डोस या एका काल्पनिक माणसापुरते आहेत, तुमचे वेगळे असतील. उचलायचा आहे तो क्रम: आधी ग्लिमेपिराइड कमी, मग साखर थोडी वर येऊ देणे, आणि त्यानंतरच बर्बेरीन.

तिसरी पायरी: पहिले तीन आठवडे

या काळात रोज चार वेळा तपासावे: सकाळी उपाशीपोटी, दुपारच्या जेवणाआधी, रात्रीच्या जेवणाआधी आणि झोपताना. रात्री घाम येऊन जाग आली, वाईट स्वप्ने पडली किंवा सकाळी डोके जड वाटले, तर एकदा पहाटे तीनचाही आकडा घ्यावा. एखादा आकडा ९० खाली दिसला तर त्या दिवशी डोस वाढवण्याचा विचार सोडावा आणि दोनदा दिसला तर डॉक्टरांना कळवावे. ७० खाली गेला तर बर्बेरीनची पुढची कॅप्सूल घेऊ नये आणि त्याच दिवशी फोन करावा. उपासाच्या दिवशी ग्लिमेपिराइडचे काय करायचे, हे आधीच लिहून घेतलेले बरे. श्रावणात तर हा प्रश्न दर दोन दिवसांनी येतो.

साखर ७० खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे ग्लुकोज पावडरचे साधारण तीन सपाट चमचे, पाण्यातून घ्यावे आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. आकडा वर आला नसेल तर तेवढेच पुन्हा घ्यावे, आणि आल्यावर पोळी-भाजी किंवा वरण-भात असे काहीतरी खावे. गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर साधी साखर, पेढा किंवा बिस्किट यांवर विसंबू नये, कारण साखरेचे ग्लुकोज करणारे आतड्यातील एन्झाइमच ही औषधे अडवून धरतात. अशा घरात ग्लुकोजचा डबा स्वयंपाकघरातही हवा आणि फिरायला जाताना खिशात पुडीही हवी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा.

ग्लिमेपिराइडने उतरलेली साखर एकदा वर आणली म्हणजे काम संपले, असे होत नाही. औषध शरीरात शिल्लक असल्याने ती काही तासांनी पुन्हा उतरू शकते, आणि मूत्रपिंडे कमजोर असतील तर हा धोका २४ तास किंवा त्याहूनही अधिक काळ राहतो. म्हणूनच रुग्णालयात अशा माणसाला ग्लुकोज देऊन लगेच घरी न पाठवता ठेवून घेतात. तेव्हा “आता बरे वाटतेय” म्हणून घाई करू नये, आणि तिथल्या डॉक्टरांना बर्बेरीनविषयी अवश्य सांगावे, कारण ते विचारतीलच असे नाही.

पोटाच्या तक्रारी हा बर्बेरीनचा नेहमीचा त्रास आहे. वर सांगितलेल्या २००८ च्या अभ्यासात साधारण एकतृतीयांश लोकांना जुलाब, बद्धकोष्ठ, वायू किंवा पोटदुखी झाली. मेटफॉर्मिननेही जुलाब होतात, त्यामुळे दोष कोणाचा हे कळत नाही. मेटफॉर्मिन पूर्वीपासून चालू असून त्रास बर्बेरीननंतरच सुरू झाला असेल, तर आधी बर्बेरीन आठवडाभर थांबवून पाहावे. जुलाब आणि उलट्या दोन्ही असतील तर पोटात अन्न नाही आणि ग्लिमेपिराइड मात्र पोटात आहे, अशी वाईट वेळ येते. त्या दिवशी पुढच्या गोळीआधी डॉक्टरांना विचारावे.

इतर औषधे

वॉरफरिन किंवा एसिनोकौमरॉल ही रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी बर्बेरीन घेऊच नये. तीही २सी९ वरच अवलंबून असतात, आणि पीटी-आयएनआर वाढल्याचे बऱ्याचदा हिरड्यांतून रक्त आल्यावरच कळते. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस घेणाऱ्यांसाठीही हेच. प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांना बर्बेरीन दिल्यावर सायक्लोस्पोरिनची रक्तातली पातळी लक्षणीय वाढल्याचे अभ्यासात नोंदलेले आहे, आणि या औषधांची जास्त मात्रा बसवलेल्या मूत्रपिंडालाच घातक ठरते.

आपल्या उदाहरणातील गृहस्थांचे टेल्मिसार्टन या एन्झाइमांवर अवलंबून नाही, त्यामुळे तिथे चिंता नाही. लोसार्टनची गोष्ट उलटी आहे. ते २सी९ मार्फत अधिक प्रभावी रूपात बदलते, आणि बर्बेरीन त्या बदलाला आडवे येते, म्हणजे रक्तदाब थोडा वर सरकू शकतो. मेटोप्रोलॉल २डी६ वर अवलंबून आहे आणि बर्बेरीनचा सर्वांत मोठा परिणाम त्याच एन्झाइमवर दिसला आहे. म्हणून पहिले तीन आठवडे रोज सकाळी उठल्यावर पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी. ती ५० च्या खाली आली किंवा उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी आली तर बर्बेरीन थांबवून डॉक्टरांना गाठावे. अ‍ॅटोर्वास्टॅटिन आणि सिम्व्हास्टॅटिनचे प्रमाण ३ए४ मंदावल्याने वाढू शकते. मांड्या किंवा खांदे विनाकारण दुखू लागले, त्यातच लघवी गडद झाली, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

पावसाळ्यात घरोघरी येणारी खोकल्याची बाटलीही वाचून घ्यावी, कारण तीत बऱ्याचदा डेक्स्ट्रोमेथॉर्फन असते. एन्झाइमांवरच्या त्या दोन आठवड्यांच्या अभ्यासात बर्बेरीनमुळे त्याची विल्हेवाट फार मंदावल्याचे दिसले. गुंगी आणि चक्कर येणे ही त्याची लक्षणे साखर उतरल्यासारखीच दिसतात आणि गोंधळ आणखी वाढतो. क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक आले, तर तो कोर्स संपेपर्यंत बर्बेरीन बंद ठेवावे. स्तनाच्या कर्करोगानंतर टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांनी ऑन्कॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय बर्बेरीनला हात लावू नये, कारण ते औषध प्रभावी होण्यासाठी २डी६ लागते.

गर्भवती आणि स्तनदा मातांना बर्बेरीन वर्ज्य आहे. नवजात बाळाच्या रक्तातील बिलिरुबिन ते प्रथिनांपासून सुटे करू शकते, आणि सुटे बिलिरुबिन मेंदूपर्यंत पोहोचले तर कायमची हानी होते.

थांबवताना

तीन महिन्यांनी एचबीए१सी करावे. ते अर्ध्या टक्क्यानेही हलले नसेल, तर कॅप्सूल चालू ठेवण्यासारखे काही उरत नाही. मात्र बर्बेरीन बंद करणे हाही डोसातला बदलच आहे. एन्झाइम पुन्हा पूर्ववत काम करू लागतात, ग्लिमेपिराइड व मेटोप्रोलॉल लवकर निघून जाऊ लागतात, आणि ग्लिमेपिराइड आधीच कमी केलेले असल्याने पुढच्या एक-दोन आठवड्यांत साखर चढते. डबी संपली म्हणून किंवा ऑनलाइन मागवलेली वेळेवर आली नाही म्हणून आपोआप खंड पडला, तरी हेच घडते. म्हणून बंद करतानाही दोन आठवडे तपासण्याचे वेळापत्रक पूर्वीसारखे ठेवावे. शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर भूलतज्ज्ञांना औषधांची यादी देताना बर्बेरीनचे नाव त्यात लिहावे. आणि दोन औषधांच्या गुंत्यातून त्रास झालाच असेल, तर डबी फेकून न देता बॅच क्रमांकासह १८००-१८०-३०२४ या राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या मोफत क्रमांकावर त्याची नोंद करता येते.